डिलिव्हरी अ‍ॅपमधला नकाशा : पिन नेहमी बाजूला का पडतो?

धायरीकर

नमस्कार मंडळी. आम्ही सिंहगड रोड, धायरी, नऱ्हे या भागात घरगुती जेवणाचे डबे पोचवतो. आधी सगळं फोनवर चालायचं, आता फ्लटरमध्ये स्वतःचं अ‍ॅप आहे. ते मुळात एका फ्रीलान्सरने करून दिलं, आता मी सांभाळतो.

पत्ता घ्यायची पद्धत अशी आहे. स्क्रीन उघडली की फोनचं लोकेशन घेऊन नकाशा तिथे जातो. पिन स्क्रीनच्या मधोमध स्थिर असते आणि ग्राहक खालचा नकाशा सरकवतो. नकाशा थांबला की मध्यबिंदूचा पत्ता गूगलकडून मागवून खालच्या चौकटीत भरतो. वर शोधायची पट्टी आहे, ज्याला नकाशा सरकवायचा नसेल तो सोसायटीचं नाव टाइप करतो.

अडचण अशी की डबे पोचवणारी मुलं रोज सांगतात, पिन चाळीस-पन्नास मीटर बाजूला असते. आमच्याकडे सोसायट्या भिंतीला भिंत लावून आहेत, त्यामुळे तेवढ्यात भलत्याच गेटवर माणूस उभा राहतो. दुपारी साडेबारा ते दीड या वेळात सगळे डबे जायचे असतात, प्रत्येक घराला एक फोन करणं परवडत नाही.

अचूकता 20 मीटरपेक्षा वाईट असेल तर लोकेशन घ्यायचंच नाही, अशी अट घालून पाहिली. चूक कमी झाली नाही, उलट घरात बसलेल्या ग्राहकांची स्क्रीन फिरतच राहिली. जीपीएसची अचूकता वाढवायचा काही मार्ग आहे का?

ओंकार_मो

घरात जीपीएस असंच चालतं. स्लॅबमधून सिग्नल येत नाही, गल्लीत इमारतींवर आपटून येतो. माझ्या मते अट 20 वरून 10 मीटर करा आणि ग्राहकाला दोन मिनिटं गॅलरीत उभं राहायला सांगा. नवीन फोनमध्ये दोन फ्रिक्वेन्सीचं जीपीएस असतं, त्यांना त्रास होणार नाही.

पेठेतली_माई

गॅलरीत उभं राहून डबा मागवायचा? आमच्या वाड्याला गॅलरी नाही हो! मी तर पत्त्यात सरळ लिहिते : सदाशिव पेठ, अमुक मारुतीच्या समोरचा बोळ, आत गेल्यावर डावीकडचा जिना. पण ते अ‍ॅप माझं लिहिलेलं पुसून भलताच पत्ता टाकतं. त्याचं काय करायचं ते आधी सांगा.

नकाशावेडा

धायरीकर, उपाय शोधण्याआधी एक माहिती हवी. पिन बाजूला पडते म्हणजे कुठल्या दिशेला?

मुलं "डबा दिला" हे बटण दाबतात तेव्हा त्यांच्या फोनचं लोकेशन साठवत असाल. एका दिवसाच्या नोंदीवर विसंबू नका, कारण मुलांच्या फोनलाही चूक असतेच. एका ग्राहकाकडे रोज डबा जातो, तेव्हा त्या सगळ्या नोंदींचा मध्य काढा. मग ग्राहकाने ठेवलेली पिन आणि हा मध्य यांच्यात अक्षांशाचा फरक किती आणि रेखांशाचा किती, हे वेगवेगळं बघा.

जीपीएसची चूक असेल तर ती चारी दिशांना पसरलेली दिसेल. सगळी चूक एकाच दिशेला असेल तर जीपीएसला दोष देऊ नका, कारण कुठेतरी काहीतरी ठरावीक अंतराने सरकलंय.

विदर्भवीर

व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन आठ तासांपर्यंत शेअर करता येतं. ग्राहकांना तेच करायला सांगा, अ‍ॅपची गरजच काय?

धायरीकर

@विदर्भवीर, पत्ता एकदाच घेऊन साठवायचा आहे, ग्राहक कुठे फिरतोय ते बघायचं नाहीये.

@नकाशावेडा, नोंदी आहेत. रात्री बघून सांगतो.

दुबईस्थ

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. आई नाशिकला एकटी असते, तिच्यासाठी मी इथून जेवण मागवतो. कुठलंही अ‍ॅप उघडलं की पिन बर दुबईत. नकाशा सरकवत अरबी समुद्र ओलांडायचा, मग नाशिक, मग गंगापूर रोड. एका अ‍ॅपमध्ये शोधपट्टीसुद्धा माझ्या आसपासचेच निकाल दाखवायची, कॉलेज रोड टाकलं तर नाशिकचा येईचना. मागवणारा आणि जेवणारा एकाच ठिकाणी असतात हे गृहीत का धरता?

नकाशावेडा

@दुबईस्थ, मुद्दा अगदी रास्त आहे. शोधाला दोन प्रकारे बांधता येतं. गूगलच्या ऑटोकम्प्लिटमध्ये `locationBias` दिलं तर जवळचे निकाल वर येतात, पण लांबचेही येऊ शकतात. `locationRestriction` दिलं तर त्या हद्दीबाहेरचं काहीच येत नाही. तुमच्या त्या अ‍ॅपने बहुधा फोनच्या लोकेशनभोवती कुंपण घातलं असेल. धायरीकरांसारख्या छोट्या सेवेने कुंपण जरूर घालावं, पण ते स्वतःच्या डिलिव्हरीच्या हद्दीचं. मग ग्राहक दुबईत असो की धायरीत, निकाल धायरीचेच येतील. नकाशाही त्याच हद्दीत उघडावा आणि "मी आत्ता इथे आहे" हे वेगळं बटण द्यावं.

फडताळ

गूगलचं बिल कशाला भरताय? ओपनस्ट्रीटमॅपचं नॉमिनॅटिम फुकट आहे. शोधही करतं आणि बिंदूवरून पत्ताही देतं. मी माझ्या प्रोजेक्टला तेच लावलंय.

सह्यगिरी

@फडताळ, नॉमिनॅटिम चांगलं आहे, पण त्यांच्या सार्वजनिक सर्व्हरचे नियम वाचा. सेकंदाला जास्तीत जास्त एक विनंती आणि टाइप करता करता सुचवण्यासाठी वापरायला स्पष्ट मनाई. डब्याच्या अ‍ॅपमध्ये शोधपट्टीला नेमकं तेच लागतं. स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं तर हा प्रश्न येत नाही. सुचवण्यांसाठी ओपनस्ट्रीटमॅपच्याच माहितीवर चालणारं फोटॉन आहे, तेही स्वतः चालवता येतं.

पण खरी अडचण माहितीची आहे. नऱ्ह्यात परवा उभी राहिलेली सोसायटी तिथे कुणी नोंदवलेली असेल तरच सापडेल. आपल्या भागातल्या दहा सोसायट्या टाइप करून बघा आणि मग ठरवा. हा सल्ला गूगलसाठीही तोच.

फडताळ

माझ्या प्रोजेक्टला वापरणारे आम्ही चौघंच आहोत, म्हणून चालून गेलं असावं. तरी धायरीकरांनी बिल बघावं हे माझं म्हणणं कायम आहे.

सह्यगिरी

बिलासाठी सेशन टोकन नीट लावा. ग्राहक टाइप करायला लागला की एक टोकन बनवायचं, त्या शोधातल्या सगळ्या विनंत्यांना तेच जोडायचं आणि त्याने निकाल निवडला की तपशील मागवतानाही तेच द्यायचं. मग तो सगळा शोध एक सेशन धरला जातो. पुढच्या शोधाला नवीन टोकन. अनेक जण अ‍ॅप सुरू होताना एकच टोकन बनवून दिवसभर तेच वापरतात. ते गूगल एकाच सेशनचं मानत नाही आणि प्रत्येक विनंतीचे पैसे लागतात. शिवाय प्रत्येक अक्षराला विनंती पाठवू नका, बोटं पाव-अर्धा सेकंद थांबली की पाठवा.

धायरीकर

नोंदी पाहिल्या आणि चकित झालो. नकाशावेडा, तुमचा अंदाज बरोबर निघाला. रेखांशाचा फरक दोन्ही बाजूंना थोडा थोडा आहे, पण अक्षांशाचा फरक जवळपास सगळीकडे एकाच दिशेला. साठवलेली पिन खऱ्या जागेच्या उत्तरेला. काहींची पाच-सात मीटर, काहींची चाळीसच्या पुढे. दक्षिणेला गेलेली अगदी मोजकी. पण दिशा एकच असताना अंतर इतकं वेगळं कसं?

नकाशावेडा

कारण ग्राहक वेगवेगळ्या झूमवर पिन ठेवतात. तुमची मधली पिन म्हणजे फ्लटरचा `Icons.location_on` आहे का? आणि `Stack` मध्ये मधोमध ठेवलाय का?

धायरीकर

हो, साइज 48. फ्रीलान्सरने दिला तसाच आहे.

नकाशावेडा

मग चूक तिथेच आहे. `Stack` ने आयकॉनचा मध्य नकाशाच्या मध्यावर ठेवला. पण ग्राहक आयकॉनच्या मध्याकडे बघत नाही, तो पिनचं खालचं टोक आपल्या इमारतीवर आणतो. 48 च्या आयकॉनमध्ये ते टोक मध्यापासून 20 पिक्सेल खाली येतं. ग्राहकाने टोक बरोबर ठेवलं तरी तुम्ही त्याच्या 20 पिक्सेल वरचा बिंदू साठवता, आणि नकाशा फिरवलेला नसेल तर वर म्हणजे उत्तर.

आता अंतर बघा. पुण्याच्या अक्षांशावर झूम 16 ला एक पिक्सेल म्हणजे साधारण सव्वादोन मीटर, म्हणजे 20 पिक्सेलचे 45 मीटर झाले. झूम 19 ला एक पिक्सेल 28 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे चूक साडेपाच मीटर. ज्यांनी नकाशा मोठा करून पिन ठेवली त्यांचं निभावलं, ज्यांनी आहे त्या झूमवर "पुढे" दाबलं त्यांचा डबा मागच्या सोसायटीत गेला.

खात्री करायला मधल्या बिंदूवर गूगलचा खरा `Marker` टाकून बघा. त्याचं टोक आपोआप बिंदूवर बसतं. दोन्ही टोकं एकावर एक आली नाहीत तर निदान पक्कं. दुरुस्ती एवढीच:

```dart
Stack(
  alignment: Alignment.center,
  children: [
    GoogleMap(
      initialCameraPosition: start,
      onCameraMove: (p) => center = p.target,
      onCameraIdle: () => lookup(center),
    ),
    IgnorePointer(
      child: Transform.translate(
        offset: const Offset(0, -20),
        child: const Icon(Icons.location_on, size: 48),
      ),
    ),
  ],
)
```

`IgnorePointer` नसेल तर पिनवर बोट ठेवून नकाशा सरकवता येत नाही. आणि `GoogleMap` ला खालून `padding` दिलं असेल तर नकाशाचा मध्यच वर सरकतो, तेव्हा पिनही तेवढीच वर घ्यावी लागते.

ओंकार_मो

अरे वा, हे डोक्यातच आलं नसतं. पण मग अचूकतेची अट ठेवायची की नाही? 20 मीटर म्हणजे फोन खात्री देतोय ना, की मी 20 मीटरच्या आत आहे?

नकाशावेडा

खात्री नाही देत. अँड्रॉइड जी त्रिज्या सांगतो, तिच्या आत खरी जागा असण्याची शक्यता 68 टक्के धरलेली असते. म्हणजे तीनातल्या एका वेळी तुम्ही त्या वर्तुळाच्या बाहेर असू शकता. म्हणून अट कडक करून फार काही साधत नाही. त्रिज्येचा उपयोग झूम ठरवायला करा. वर्तुळ लहान असेल तर नकाशा 18-19 वर उघडा, मोठं असेल तर वर्तुळ पूर्ण दिसेल इतका लांबून उघडा आणि ग्राहकाला पिन सरकवायला सांगा. झूम 17 च्या अलीकडे असताना "पुढे" बटण बंदच ठेवा.

सह्यगिरी

यात परवानगीचाही भाग आहे. अँड्रॉइड 12 पासून परवानगी विचारताना लोक "अंदाजे" लोकेशन निवडू शकतात. आयफोनवर iOS 14 पासून तसाच खटका आहे. अंदाजे निवडलं की बिंदू किलोमीटर-दोन किलोमीटर इकडेतिकडे येतो आणि तुमची 20 मीटरची अट जन्मात पूर्ण होत नाही. धायरीकरांच्या काही ग्राहकांची स्क्रीन फिरत राहते ती बहुधा यामुळेच. geolocator पॅकेज वापरत असाल तर `Geolocator.getLocationAccuracy()` विचारा. उत्तर `reduced` आलं तर वाट बघत बसू नका, सरळ शोधपट्टी पुढे करा. ज्याला नेमकं लोकेशन द्यायचं नाही त्यालाही जेवायला मिळालं पाहिजे.

कोल्हापुरी_तडका

पुण्यात खोली घेतली तेव्हा घरून वायफायचा राउटर आणला होता. कितीतरी दिवस खोलीत बसलं की फोन म्हणायचा मी राजारामपुरीत आहे! बाहेर पडलं की कोथरूड. हे काय होतं मग?

नकाशावेडा

घरात फोन आसपासच्या वायफायवरून जागा ओळखतो. तुमचा राउटर कुठे असतो याची जुनी नोंद कोल्हापूरची होती, ती बदलेपर्यंत तसंच चालणार. अशा वेळी फोन त्रिज्या छान लहान सांगतो आणि बिंदू मात्र दोनशे किलोमीटर लांब असतो. हे ओळखायचा साधा मार्ग म्हणजे बिंदू सेवेच्या हद्दीबाहेर असेल तर तिथे पिन न्यायचीच नाही.

रानवारा

इंडिया पोस्टने 2025 मध्ये डिजिपिन आणलंय ना? दहा अक्षरांत सुमारे चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन. ग्राहकाकडून तेच घ्या, नकाशाची कटकटच संपली.

सह्यगिरी

डिजिपिन अक्षांश-रेखांशावरूनच बनतो. फोनने चुकीचा बिंदू दिला तर डिजिपिनही चुकीच्या चौकोनाचा येईल. फोनवर सांगायला तो सोपा आहे हे खरं, आणि ज्याने एकदा नीट काढून ठेवलाय त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही. पण किती ग्राहकांना स्वतःचा माहीत आहे?

पेठेतली_माई

माझा प्रश्न राहिलाच.

नकाशावेडा

माई, माफ करा, गर्दीत मागे पडला. पण धायरीकर, माईंचा प्रश्न तुमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे.

नकाशा थांबला की तुम्ही गूगलकडून पत्ता आणून चौकटीत भरता. माईंनी "डावीकडचा जिना" लिहिलेलं असतं. त्यानंतर नकाशाला चुकून बोट लागलं की ते सगळं जातं आणि तिथे "सदाशिव पेठ, पुणे, महाराष्ट्र 411030" येतं. बिंदू नकाशाला माहीत असतो, जिना फक्त माईंना माहीत असतो. त्यामुळे दोन्ही वेगळे साठवा. गूगलचा पत्ता वर लहान अक्षरात दाखवा, म्हणजे पिन बरोबर भागात आहे ना ते ग्राहकाला कळेल. घर नंबर, विंग, खूण यांची चौकट वेगळी ठेवा आणि तिला ग्राहकाशिवाय कुणीही हात लावायचा नाही.

गूगलच्या उत्तरात `location_type` येतो, तोही बघा. `ROOFTOP` आला तर ठीक. `GEOMETRIC_CENTER` किंवा `APPROXIMATE` आला तर ग्राहकाने "सिंहगड रोड" शोधून निवडलंय आणि पिन त्या लांबलचक रस्त्याच्या मधे कुठेतरी जाऊन पडली आहे, असं समजा. तिथून पुढे त्याला पिन सरकवायला लावलंच पाहिजे.

पेठेतली_माई

हां, आता कळलं. म्हणजे दोष माझा नव्हता. त्या अ‍ॅपवाल्यांनी हा धागा वाचावा.

लाटकर

थोडं अवांतर. आमच्याकडे एकदा सगळ्या ऑर्डरी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसायला लागल्या. जिओजेसनमध्ये आधी रेखांश लिहितात, गूगलला आधी अक्षांश लागतो. पुण्याचे 18.52 आणि 73.86 उलटे झाले की बेअर आयलंडजवळ पोचता. डबा गरम राहणं अवघड.

चाकावरचा

मी डिलिव्हरी करतो, दुसऱ्या कंपनीत. पिन इमारतीवर बरोबर असली तरी घोळ होतो, हे कुणी बोललं नाही. नकाशा जवळच्या रस्त्यापर्यंत नेतो. तो रस्ता सोसायटीच्या मागच्या बाजूचा असला की समोर कंपाउंडची भिंत आणि गेट पलीकडच्या गल्लीत. वळसा घालून यायला कधी कधी दहा मिनिटं जातात. आम्हाला इमारतीपेक्षा गेट कुठे आहे ते सांगा. आणि ग्राहकाचा फोन नंबर पिनच्या शेजारीच दाखवा, तीन स्क्रीन आत नको. एका हाताने गाडी धरलेली असते.

धायरीकर

@चाकावरचा, नंबरचं आजच करतो. गेटचं अगदी खरं आहे. आयकॉन वर सरकवल्यापासून नवीन ग्राहकांच्या पिना बऱ्याच जाग्यावर आल्या, पण जे पत्ते अजून चुकतात त्यांत हीच तक्रार जास्त दिसते.

20 मीटरची अट काढून टाकली. जुन्या ग्राहकांच्या पिना सरसकट दक्षिणेला ढकलाव्यात असं वाटलं होतं, पण कुणी कुठल्या झूमवर पिन ठेवली याची नोंदच नाही. त्यामुळे आता पुढची ऑर्डर देताना त्यांना एकदा पिन तपासायला सांगतो, आणि यापुढे पिनबरोबर झूमही साठवतो.

गेटसाठी विचार असा आहे : एका सोसायटीत रोज डबे जातात, "डबा दिला" च्या नोंदी आपोआप जमतात. त्यावरून गेटचा बिंदू काढून पिन तिथे सरकवली तर?

नकाशावेडा

ग्राहकाची पिन हलवू नका. गेटचा बिंदू वेगळा साठवा, तो सोसायटीचा असतो, सगळ्या फ्लॅटना एकच. आणि "डबा दिला" चं बटण मुलं फ्लॅटच्या दाराशी दाबतात की खाली उतरून गाडीपाशी, हे आधी विचारा. त्यावर सगळं अवलंबून आहे. त्यापेक्षा गाडी जिथे मिनिटभर थांबते तो बिंदू जास्त भरवशाचा.

सह्यगिरी

मला हे पटत नाही. गाडी कुठे थांबते हे कळायला त्या मुलांचं लोकेशन सतत नोंदवावं लागणार. दोन तासांच्या कामासाठी त्यांच्यावर एवढी नजर कशाला? पहिल्यांदा जाणाऱ्याने गेटपाशी एक बटण दाबलं की काम झालं.

चाकावरचा

बटण चालेल. पण पहिल्या दिवशी आम्हीच चुकीच्या गेटला उभे असतो, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या खेपेला विचारा. काही सोसायट्यांत डिलिव्हरीवाल्यांना मेन गेट नाही, मागचं गेट असतं. तेही लिहायला जागा द्या.

नकाशावेडा

@सह्यगिरी, शेवटची दोन मिनिटंच नोंदवली तर? दिवसभराची गरज नाही.

सह्यगिरी

त्या दोन मिनिटांची परवानगी मागताना फोन दोन मिनिटं वेगळी विचारत नाही. मुलांना विचारून ठरवा एवढंच म्हणेन.

धायरीकर

विचारतो. तूर्त बटण टाकतोय, गेटची नोंद ग्राहकाच्या पिनपासून वेगळी ठेवून. मागच्या गेटसाठी एक ओळ लिहायची जागाही देतो. नऱ्ह्यातल्या ज्या दोन सोसायट्यांचं कंपाउंड एकच आहे पण गेटं वेगवेगळ्या रस्त्यांवर आहेत, तिथून सुरुवात करतो.